बिल्ला, परवाना आणि चिप : हरवलेल्या कुत्र्याच्या पत्त्याचा इतिहास

इ. स. १८३२ च्या जून महिन्याच्या ६ तारखेस मुंबईच्या कोटांत एक दंगा उसळला. मोकाट कुत्रे मारण्याचा सरकारी हुकूम त्या शहरास नवा नव्हता. उन्हाळ्याच्या दिवसांत असे कुत्रे नाहींसे करण्याची वहिवाट त्यापूर्वीं कित्येक वर्षें चालत आलेली होती. प्रत्येक कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस ठेवलेलें असे, आणि हें बक्षीसच पुढील अनर्थास कारण झालें. आठ आण्यांच्या लोभानें मारेकरी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर थांबेनात. ओट्यावर निजलेले, वाड्यांत शिरलेले, कोणाच्या तरी घरीं दोन वेळां खाऊन-पिऊन असलेले कुत्रेही ते ओढून नेऊं लागले. पारशी समाजांत कुत्र्यास धर्मकृत्यांत स्थान आहे. प्रेतावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा 'सगदीद' नांवाचा विधि त्यांच्या अंत्यसंस्कारांतील एक आवश्यक भाग होय. त्यामुळें हा समाज खवळला, शिपायांवर मार पडला, दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद राहिलीं, कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारें सामानसुमान अडवलें गेलें, आणि अखेर पलटणी बोलवाव्या लागल्या.

या प्रसंगाची चर्चा धर्म आणि राजसत्ता यांच्या संबंधांत पुष्कळ झालेली आहे, व ती योग्यच आहे. परंतु त्यांत एक साधा, व्यवहारांतला प्रश्नही दडलेला आहे, आणि त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. रस्त्यावर दिसणारा कुत्रा कोणाचा आहे, किंवा तो कोणाचाच नाहीं, हें त्या शिपायानें ओळखावें कशावरून? घोड्यास डाग असतो, बैलाच्या शिंगांस रंग असतो, कुत्र्याच्या अंगावर मात्र मालकीची कोणतीच खूण नसते. ती खूण कोठें ठेवावी, आणि त्या खुणेवरून धन्याच्या दारापर्यंत पोंचावें कसें, याचा शोध पुढें पावणेदोनशें वर्षें चालला. त्याचा सर्वांत बोधक इतिहास इंग्लंडांत सांपडतो. कारण त्या देशानें या बाबतींत जवळजवळ प्रत्येक चूक एकदां करून पाहिली आहे.

इंग्लंडांत कुत्र्यांवर पहिला कर बसला तो १७९६ सालीं. जॉन डेंट नांवाच्या पार्लमेंटच्या सभासदानें तो सुचविला, आणि त्याबद्दल जन्मभर त्याला 'कुत्रा डेंट' हें नांव चिकटून राहिलें. पण आपल्या विषयाशीं खरा संबंध येतो तो १८६७ च्या कायद्याचा. या कायद्यानें कराऐवजीं परवाना आला. वर्षाला पांच शिलिंग भरावे आणि कुत्रा बाळगण्याचा परवाना घ्यावा, असा नियम झाला. १८७८ सालीं ही रक्कम साडेसात शिलिंग करण्यांत आली. परवाना टपाल कचेरींत मिळे. मेंढपाळाच्या कामाच्या कुत्र्यांस पुढें सूट मिळाली, अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांसही मिळाली, आणि सहा महिन्यांच्या आंतील पिल्लांस परवाना लागत नसे.

आतां या परवान्याचें स्वरूप नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. तो मद्याच्या किंवा बंदुकीच्या परवान्याच्या जातीचा होता, म्हणजे तो माणसाला दिलेला असे, कुत्र्याला नव्हे. कुत्र्याच्या गळ्यांत त्याचा कांहींही अंश बांधला जात नसे. परवान्याचा कागद घरांतल्या टेबलाच्या खणांत, आणि कुत्रा तीन मैलांवरच्या चौकांत, अशी स्थिति झाली म्हणजे त्या कागदाचा त्या कुत्र्यास कांहींएक उपयोग नव्हता. सरकारच्या वहींत धन्याचें नांव होतें, पत्ता होता, पैसे भरल्याची तारीख होती; नव्हता तो फक्त त्या वहीपासून कुत्र्यापर्यंत जाणारा रस्ता. शंभर वर्षांहून अधिक काळ इंग्रज कुटुंबांनीं हा परवाना घेतला, आणि त्याच्या योगानें एखादा हरवलेला कुत्रा घरीं आलाच असेल, तर तो निव्वळ योगायोगानें. महसुलासाठीं काढलेली गोष्ट शोधाच्या कामीं येत नाहीं, याचें याहून स्वच्छ उदाहरण मिळणें कठीण.

कुत्रा शोधण्याचें काम दुसऱ्याच वाटेनें होऊं लागलें होतें. १८६० सालीं मेरी टील्बी नांवाच्या एका बाईनें लंडनच्या हॉलोवे भागांत हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं एक आश्रम काढला. वर्तमानपत्रांनीं प्रथम तिची थट्टा केली. माणसें उपाशी असतां कुत्र्यांना घर कशाला, असा आक्षेप होता. १८७१ सालीं तो आश्रम बॅटरसी येथें गेला व त्याच नांवानें तो आज जगप्रसिद्ध आहे. १८६७ च्याच सुमारास लंडनच्या पोलिसांना रस्त्यावरचे मोकाट कुत्रे पकडण्याचा अधिकार मिळाला, आणि पकडलेले कुत्रे या आश्रमांत येऊं लागले. ज्याचा कुत्रा हरवला त्यानें तेथें जावें, पिंजऱ्यांपुढून फिरावें, आणि आपला कुत्रा ओळखून न्यावा. खूण होती ती एवढीच : धन्याची आठवण आणि कुत्र्याची हलणारी शेपटी. एकाच जागीं सर्व कुत्रे येतात हें धन्याला ठाऊक असे, म्हणून ही साधी पद्धत बऱ्यापैकीं चाले.

१९०६ च्या कायद्यानें या पद्धतीला देशभर नियमाचें रूप आलें. पोलिसानें मोकाट कुत्रा पकडावा. गळपट्ट्यावर पत्ता असल्यास त्या पत्त्यावर लेखी सूचना पाठवावी. सात दिवस पुरे होईपर्यंत कुत्रा सांभाळावा. धनी न आल्यास तो विकावा किंवा त्याचा अंत करावा. मात्र जिवंतपणीं चिरफाड करणाऱ्या प्रयोगशाळेस तो विकतां कामा नये, अशीही स्पष्ट अट होती. पकडलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद एका वहींत व्हावी, आणि एक शिलिंग दिल्यास ती वही कोणालाही पाहतां यावी, असेंही त्यांत होतें. सार्वजनिक रस्त्यावर फिरणाऱ्या कुत्र्याच्या गळपट्ट्यावर धन्याचें नांव व पत्ता असलाच पाहिजे, असे हुकूम पुढें निघाले. त्यांपैकीं १९९२ चा हुकूम आजही अंमलांत आहे.

गळपट्टा ही खूण फार चांगली, कारण ती वाचावयाला कोणतेंही यंत्र लागत नाहीं; रस्त्यानें जाणाऱ्या शाळकरी मुलालाही ती वाचतां येते. पण तिचे दोष तिच्या गुणांतूनच निघतात. जो पट्टा घालतां येतो तो काढतांही येतो. चोर पहिल्या प्रथम तोच कापून टाकतो. कुंपणांतून घुसतांना तो अडकतो व कुत्रा मान सोडवून निघून जातो. घरांत असतांना पुष्कळ लोक पट्टा काढून ठेवतात, आणि फटाक्यांच्या आवाजानें बिथरून जो कुत्रा पळतो, तो नेमका घरांतून पळतो.

या ठिकाणीं क्षणभर अटलांटिक महासागराच्या पलीकडे पाहिलें पाहिजे. कारण इंग्लंडला जें सुचलें नाहीं तें अमेरिकन शहरांनीं केलें. तेथें परवान्याचा कागद आणि गळपट्टा यांची गांठ घालण्यांत आली. परवाना घेतला म्हणजे त्याबरोबर धातूचा एक बिल्ला मिळे, त्यावर वर्ष व क्रमांक कोरलेला असे, आणि तो क्रमांक वहींत धन्याच्या नांवापुढें लिहिलेला असे. न्यूयॉर्कमध्यें १८९४ च्या कायद्यानें परवाने देण्याचें आणि मोकाट जनावरें सांभाळण्याचें अशीं दोन्ही कामें एकाच प्राणिदयेच्या संस्थेकडे सोंपविलीं गेलीं. परवान्याची फी दोन डॉलर होती, आणि तिच्यांतूनच कोंडवाड्याचा खर्च भागे. एका कुत्रेवाल्यानें, खाजगी संस्थेनें कर कां घ्यावा, असा वाद थेट वरिष्ठ न्यायालयापर्यंत नेला. पण १९२० सालीं निकाल कायद्याच्या बाजूनें लागला. ज्याच्या हातीं कुत्रा येतो त्याच्याच हातीं वही असावी, हें या व्यवस्थेचें मर्म होतें. तें पुढें पुष्कळदां विसरलें गेलें, म्हणून येथें मुद्दाम सांगितलें.

इंग्लंडचा परवाना मात्र साडेसात शिलिंगांवर गोठून बसला. युद्धें झालीं, रुपयाप्रमाणें पौंडाचीही किंमत घसरली, दशमान नाणीं आलीं, तरी फी वाढविण्याचें धैर्य कोणत्याही मंत्र्यास झालें नाहीं. नव्या नाण्यांत ती साडेसदतीस पेन्स झाली. १९८४ सालीं अर्धा पेनी चलनांतून गेला तेव्हां ती सदतीस पेन्स उरली. निम्म्याच्या आसपास लोकच ती भरीत, आणि वसुलीचा खर्च उत्पन्नाहून जास्त होई. १९८७ सालीं ग्रेट ब्रिटनमधला परवाना बंद करण्यांत आला. त्याबद्दल फारसें कोणी अश्रू ढाळले नाहींत. उत्तर आयर्लंडनें मात्र तो चालू ठेवला, आणि तेथील गोष्ट पुढें येणार आहे.

परवाना जाण्याच्या त्याच सुमारास एक नवी खूण बाजारांत येत होती. ही खूण गळ्यांत नव्हे, कातडीखालीं होती. मायक्रोचिप या नांवानें ती आतां सर्वांस परिचित आहे. पण तिच्यांत काय असतें व काय नसतें, यासंबंधीं सुशिक्षित घरांतूनही चमत्कारिक समजुती आढळतात. तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, सुमारें बारा मिलिमीटर लांब व दोन मिलिमीटर जाड अशी ती काचेची बंद नळी असते. आंत तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचें वेटोळें आणि त्याला जोडलेला सिलिकॉनचा कण. बॅटरी नाहीं. त्यामुळें ती स्वतः होऊन कांहींही बोलत नाहीं. कुत्रा कोठें आहे हें ती कोणालाही कळवूं शकत नाहीं. वाचण्याचें यंत्र, म्हणजे स्कॅनर, जवळ आणला म्हणजे त्याच्या चुंबकीय क्षेत्रानें वेटोळ्यांत क्षणभर वीज उत्पन्न होते, तेवढ्या विजेवर तो कण जागा होतो आणि आपला क्रमांक सांगून पुन्हां झोपी जातो. क्रमांक पंधरा आंकड्यांचा. त्यांतले पहिले तीन आंकडे देशाचे किंवा चिप करणाऱ्या कंपनीचे. धन्याचें नांव, पत्ता, कुत्र्याचें वय, लस, यांपैकीं एक अक्षरही चिपेंत नसतें. घराच्या किल्लीवर जसा घराचा पत्ता नसतो, तसेंच हें आहे.

चिप जाड सुईनें दोन खांद्यांच्या मध्यें कातडीखालीं टोंचतात. लस टोंचण्याहून थोडी अधिक कळ येते, एवढेंच. पण ती नेहमीं तेथेंच राहते असें नाहीं. कांहीं कुत्र्यांत ती सरकत खांद्यावर, क्वचित् पुढच्या पायाच्या कोंपरापर्यंत जाते. स्कॅनरचा पल्ला चार-सहा बोटांचा. म्हणून जाणता माणूस केवळ पाठीवर यंत्र टेकवून 'चिप नाहीं' असें म्हणत नाहीं. तो मानेपासून शेपटीकडे नागमोडी वळणें घेत, अंगाला जवळजवळ लावून, सावकाश यंत्र फिरवितो, दोन्ही खांदे व छाती पाहतो, धातूचा पट्टा आधीं काढून ठेवतो, आणि पहिल्या खेपेस कांहीं मिळालें नाहीं तर दुसऱ्यांदा पाहतो. घाईच्या हातानें फिरविलेला स्कॅनर ही कुत्र्याच्या दृष्टीनें निरक्षर पोलिसासारखीच गोष्ट होय.

वाचण्याच्या बाबतींत आणखी एक अडचण अमेरिकेंत उद्भवली, आणि ती यंत्राची नसून व्यापाराची होती. १९९६ सालीं आंतरराष्ट्रीय मानक ठरलें, तें १३४.२ किलोहर्ट्झ या कंपनसंख्येचें. युरोपनें तें स्वीकारलें. अमेरिकेंत आधींपासून १२५ किलोहर्ट्झच्या चिपा रुजलेल्या होत्या, आणि तेथील आश्रयगृहांना कंपन्यांनीं दिलेले स्कॅनर तेवढेच वाचीत. २००४ सालीं एका मोठ्या पशुवैद्यक संस्थेनें आंतरराष्ट्रीय मानकाच्या चिपा विकावयास आरंभ केला, तेव्हां नव्या चिपा असलेले कुत्रे जुन्या स्कॅनरखालून 'बिनखुणेचे' म्हणून जाऊं लागले. त्याच वर्षीं व्हर्जिनिया राज्यांत अशा एका कुत्र्याचा, चिप अंगांत असतांही ती वाचतां न आल्यानें, आश्रयगृहांत अंत करण्यांत आला. प्रकरण न्यायालयांत व काँग्रेसपर्यंत गेलें. नंतर सर्व प्रकारच्या चिपा वाचणारे स्कॅनर हळूहळू सर्वत्र आले. मुंबईच्या कोटांतल्या शिपायाला खूणच नव्हती. व्हर्जिनियाच्या कारकुनाजवळ खूण होती, पण त्याचें यंत्र दुसरीच भाषा बोलत होतें.

ब्रिटननें चिप सक्तीची केली ती ६ एप्रिल २०१६ पासून. आठ आठवड्यांहून मोठ्या प्रत्येक कुत्र्याच्या अंगांत चिप हवी, आणि तिचा क्रमांक धन्याच्या चालू पत्त्यासह मान्यताप्राप्त नोंदवहींत हवा. इंग्लंडच्या नियमांत दुसऱ्या वाक्याला पहिल्याइतकेंच वजन आहे : पत्ता जुना असेल तर चिप असूनही कुत्रा 'चिपविना' धरला जातो. अधिकाऱ्यानें नोटीस दिल्यावर एकवीस दिवसांत दुरुस्ती न केल्यास पांचशें पौंडांपर्यंत दंड होतो. पिल्लू विकण्यापूर्वीं तें ज्याच्या घरीं जन्मलें त्यानेंच चिप टोंचून घ्यावयाची, आणि वहींत पहिलें नांव त्याचेंच लागतें.

या शेवटच्या कलमांतून कसा घोंटाळा होतो, तें एक कल्पित उदाहरण घेऊन पाहूं. समजा, लीड्स शहरांतल्या एका कुटुंबानें ग्रामीण भागांतल्या एका घरून पिल्लू विकत घेतलें. विक्रेत्यानें चिपेचा कागद दिला. त्यावर पंधरा आंकडे आणि नोंदवहीचें नांव होतें. कुटुंबानें तो लसीच्या कागदांबरोबर ठेवून दिला. चिप तर आहेच, आतां काय राहिलें, असें त्यांना वाटलें. तीन वर्षांनीं नोव्हेंबरच्या आतषबाजीच्या रात्रीं कुत्रा बिथरून पळाला. पट्टा खुंटीवर होता. सकाळीं एका बाईला तो दिसला, तिनें नगरपालिकेच्या कुत्रे-अधिकाऱ्यास कळविलें. २००८ सालापासून हें काम पोलिसांकडून पूर्णपणें काढून नगरपालिकांकडे दिलेलें आहे. अधिकाऱ्यानें स्कॅनर फिरविला, पंधरा आंकडे मिळाले. येथपर्यंत दहा मिनिटें.

यापुढें वहीचें काम सुरू होतें. अधिकारी तो क्रमांक शोधस्थळावर घालतो. तेथें धन्याचें नांव मिळत नाहीं. क्रमांक कोणत्या वहींत आहे एवढेंच कळतें. कारण ब्रिटनमध्यें अशी नोंदवही एक नाहीं. वीसाहून अधिक खाजगी वह्या आहेत. त्या वहीच्या चालकांस फोन केला असतां नांव निघतें तें विक्रेत्याचें. विक्रेत्याचा दूरध्वनि लागला आणि त्याला गिऱ्हाइकाची आठवण असली तर ठीक. त्यानें नंबर बदलला असेल, किंवा त्या वर्षीं त्यानें सात पिल्लें विकलीं असतील आणि कोणतें कोणाला हें त्याला सांगतां येत नसेल, तर तपास तेथेंच थांबतो. इकडे सात दिवसांचें घड्याळ चालू झालेलें असतें. १९०६ मधली ती मुदत १९९० च्या कायद्यानेंही तशीच ठेवली आहे. सात दिवसांनंतर कुत्रा नगरपालिकेचा होतो. तो दुसऱ्या घरीं देण्यांत येतो, किंवा त्याहून वाईट कांहीं होतें. कुटुंब त्याआधीं स्वतःच नगरपालिकेंत जाऊन पोंचलें, तर कायद्यानें ठरविलेले पंचवीस पौंड आणि रोजचा राहण्या-खाण्याचा खर्च भरून त्यांना तो परत मिळतो. म्हणजे चिप असूनही सुटका झाली ती बॅटरसीच्या जुन्या रीतीनें : पिंजऱ्यापुढें उभें राहून, 'हाच आमचा' असें म्हणून.

आतां हाच प्रसंग, पिल्लू घरीं आणल्याच्या आठवड्यांतच कुटुंबानें वहींत आपलें नांव लावून घेतलें होतें, असें धरून पाहावा. थोडीशी फी, मागील धन्याची संमति, आणि नवा दूरध्वनि क्रमांक, एवढेंच त्याला लागतें. तपासाच्या पायऱ्या त्याच. पण वहीच्या चालकाच्या तोंडून विक्रेत्याऐवजीं या कुटुंबाचें नांव निघतें, आणि कुत्रा बहुधा कोंडवाड्याचें तोंडही पाहत नाहीं.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेंत २००९ सालीं एक पाहणी प्रसिद्ध झाली. तेवीस राज्यांतील त्रेपन्न आश्रयगृहांत आलेल्या, चिप असलेल्या साडेसात हजारांहून अधिक जनावरांचा हिशेब तींत घेतला होता. एकंदर मोकाट कुत्र्यांपैकीं सुमारें बावीस टक्के धन्याकडे परत गेले, चिप असलेल्यांपैकीं बावन्न टक्के. हा फरक सगळा चिपेचाच, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. जो मनुष्य चिप टोंचून घेतो तो हरवलेला कुत्रा शोधावयासही अधिक धांवतो, आणि बाकीच्या कुत्र्यांपैकीं कित्येकांना मुळांत धनीच नसतो. पण या पाहणीचा अधिक मोलाचा भाग पुढचा आहे. चिप असूनही धनी कां सांपडले नाहींत? त्याचीं कारणें मोजलीं तेव्हां सर्वांत मोठें कारण निघालें चुकीचा किंवा बंद पडलेला दूरध्वनि. त्यामागोमाग, निरोप ठेवूनही उत्तर न देणारे धनी. मग भलत्याच वहींत केलेली नोंद. आणि मग, चिप टोंचून मुळींच न केलेली नोंद. यंत्राचा दोष या यादींत जवळजवळ नाहींच.

वह्या अनेक असण्याचा प्रश्न किरकोळ नाहीं. वही चालविणें हा तेथें धंदा आहे, आणि धंदा बुडतो. २०२५ च्या आरंभीं अमेरिकेंतील अशी एक कंपनी अकस्मात बंद पडली. तिच्या वहींतल्या चिपा कुत्र्यांच्या अंगांत जशाच्या तशा होत्या, स्कॅनर त्या बिनचूक वाचीत होते, पण क्रमांक विचारावयाचा कोणाला, तें ठिकाणच उरलें नाहीं. ज्यांना बातमी कळली त्यांनीं दुसरीकडे नोंद केली. ज्यांना कळली नाहीं, त्यांच्या लेखीं कुत्रा अजून नोंदलेलाच आहे.

या दृष्टीनें उत्तर आयर्लंडचें उदाहरण अधिक विचार करण्याजोगें वाटतें. तेथें वार्षिक परवाना टिकून राहिला. २०११ सालीं त्याची फी साडेबारा पौंड करण्यांत आली, आणि २०१२ पासून चिपेवांचून परवाना मिळेनासा झाला. परवाना नगरपालिका देते, आणि मोकाट कुत्रा पकडणारा अधिकारीही तिचाच नोकर. धन्याला दर वर्षीं अर्ज करावा लागतो, म्हणजे दर वर्षीं त्याचा पत्ता व दूरध्वनि ताजा होतो. ग्रेट ब्रिटनमध्यें चिपेची नोंद एकदां झाली म्हणजे कुत्र्याच्या जन्मभर पुरते. ती सोय मोठी खरी, पण बारा वर्षांत माणूस तीन घरें आणि चार दूरध्वनि बदलतो, त्याचें काय? ज्या वार्षिक परवान्याची इंग्रजांनीं थट्टा करून विल्हेवाट लावली, त्याचा एक गुण त्यांच्या ध्यानांत आला नव्हता : तो वही शिळी होऊं देत नसे.

परदेशीं जाणाऱ्या मराठी कुटुंबांचा या विषयाशीं संबंध येतो तो निराळ्या वाटेनें. पुण्याहून किंवा मुंबईहून ब्रिटनला कुत्रा न्यावयाचा तर आंतरराष्ट्रीय मानकाची चिप अगोदर हवी, आणि पिसाळ रोगाची लस चिपेनंतर टोंचलेली हवी. आधींची लस धरली जात नाहीं, कारण दाखल्यावरची लस याच कुत्र्याची हें सिद्ध करणारा एकमेव दुवा तो क्रमांक असतो. चिपेच्या बाबतींत विमानतळावरील तपासणीसाठीं एवढें पुष्कळ होतें, आणि तपासणी पार पडली कीं कुटुंबाला वाटतें, चिपेचें काम झालें. परंतु तो क्रमांक ब्रिटनमधील कोणत्याही वहींत आपोआप जात नाहीं. तो तेथें मुद्दाम नोंदवावा लागतो. न नोंदविल्यास लीड्सच्या त्या अधिकाऱ्याला शोधस्थळावर त्या विक्रेत्याचें नांवही मिळणार नाहीं. पंधरा आंकडे मिळतील, आणि त्यांपुढें कोरी जागा.

नोंद खरी आहे कीं नाहीं, हें पाहण्याची रीत सोपी आहे. वार्षिक लसीच्या वेळीं डॉक्टरांना कुत्र्यावर स्कॅनर फिरवावयास सांगावें. चिप जागेवर आहे कीं सरकली, बोलते कीं नाहीं, हें तेथेंच कळतें. पडद्यावरचे पंधरा आंकडे आपल्या कागदाशीं ताडून पाहावे. एका आंकड्याची चूक झालेलीं उदाहरणें पुष्कळ आहेत. मग तो क्रमांक शोधस्थळावर घालून कोणती वही निघते तें पाहावें, आणि त्या वहींत आपलाच आजचा दूरध्वनि आहे कीं मागच्या बिऱ्हाडाचा, याची खात्री करून घ्यावी. याला पाव तास पुरतो. गळपट्टा आणि त्यावरचा पत्ता मात्र काढूं नये. शेजारच्या गल्लींत कुत्रा ज्याला सांपडेल, त्याच्या खिशांत स्कॅनर असण्याचा संभव फारच थोडा.